फुली-गोळा : बरोबरीचा पुरावा

फुली-गोळ्याचे सगळे शक्य डाव एका वहीत लिहून काढायचे ठरवले, तर २,५५,१६८ डाव लिहावे लागतील. तीन सारखी चिन्हे एका ओळीत आली की डाव तिथेच संपतो, हे धरून केलेली ही मोजणी आहे. त्यांपैकी १,३१,१८४ डावांत पहिली खेळी करणारी फुली जिंकते, ७७,९०४ डावांत गोळा जिंकतो आणि उरलेले ४६,०८० डाव बरोबरीत सुटतात. म्हणजे तिन्ही निकालांत बरोबरीच सर्वांत कमी वेळा येते. शंभरांतले जेमतेम अठरा डाव. तरीही न चुकणारे दोघे समोरासमोर बसले, तर त्यांचा प्रत्येक डाव या अठरांमध्येच येऊन पडतो. याला एकही अपवाद नाही.

फुलीच्या नावावर निम्म्याहून जास्त डाव असतील, तर तिचे पारडे जड असायला हवे होते. ते तसे नाही, कारण वहीतले बहुतेक डाव कोणी तरी चुकल्यामुळे तसे संपलेले असतात. कोणाच्या नावावर किती डाव आहेत, हा एक प्रश्न झाला. समोरच्याने काहीही केले तरी हमखास जिंकून देणारा मार्ग कोणाकडे आहे का, हा अगदी वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर डाव मोजून मिळत नाही. ते मिळवण्यासाठी डावाच्या शेवटापासून मागे मागे यावे लागते. या रीतीला मिनिमॅक्स म्हणतात. फुली-गोळा हा तिला पुरेपूर लावून बघता येईल इतका लहान खेळ आहे, म्हणून आपण तो इथे पूर्ण सोडवून पाहू.

शेवटापासून मागे

बोलायला सोपे जावे म्हणून नऊ घरांना आकडे देऊ.

```
१ २ ३
४ ५ ६
७ ८ ९
```

मधले घर ५. कोपरे १, ३, ७ आणि ९. कडेची घरे २, ४, ६ आणि ८. एका ओळीत एकाचीच दोन चिन्हे असतील आणि तिसरे घर रिकामे असेल, तर त्याला आपण शह म्हणू. दुसऱ्याला ते रिकामे घर ताबडतोब अडवावे लागते. एकाच खेळीने दोन ओळींत शह बसला, तर दुहेरी शह. दोन घरे एका खेळीत अडवता येत नाहीत, म्हणून समोरच्याकडे लगेच जिंकणारी खेळी नसेल तर दुहेरी शह म्हणजे विजयच.

आता प्रत्येक संपलेल्या डावाला एक किंमत द्यायची. फुली जिंकली तर +१, गोळा जिंकला तर −१ आणि बरोबरी झाली तर ०. संपलेल्या डावाची किंमत नुसती पाहून कळते. अर्धवट डावाची किंमत मात्र काढावी लागते आणि ती काढण्याचा नियम एकच आहे. पाळी फुलीची असेल, तर तिच्यापुढे खुल्या असलेल्या सर्व खेळ्यांनंतरच्या किमती पाहायच्या आणि त्यांतली सर्वांत मोठी घ्यायची. पाळी गोळ्याची असेल, तर सर्वांत लहान घ्यायची. फुली आपल्या फायद्याचे निवडणार आणि गोळा आपल्या फायद्याचे, एवढेच यात गृहीत धरलेले आहे.

एक स्थिती घेऊन हे करून पाहू. फुलीने ५ घेतले, गोळ्याने १ घेतले आणि फुलीने समोरचा कोपरा ९ घेतला.

```
○ २ ३
४ × ६
७ ८ ×
```

पाळी गोळ्याची आहे. शह कोणाचाच नाही. फुलीची १-५-९ ही तिरपी ओळ गोळ्याने आधीच बंद केलेली आहे, त्यामुळे धोका नाही असे वाटते. गोळ्यापुढे सहा खेळ्या आहेत. मात्र १ ते ९ या तिरप्या रेषेवर घडी घातली तर दोन्ही बाजू एकमेकींवर बसतात. म्हणून २ आणि ४ सारखेच, ६ आणि ८ सारखेच, ३ आणि ७ सारखेच. तपासायच्या खेळ्या तीनच उरल्या.

पहिली खेळी २. ती मोह पाडणारी आहे, कारण १ आणि २ मिळून गोळ्याचा शह बसतो. फुलीला ३ वर अडवावेच लागते. पण ३ वर पडलेली ती फुली नुसती अडवत नाही. ३-५-७ या ओळीत आता दोन फुल्या झाल्या आणि ३-६-९ या ओळीतही दोन झाल्या. गोळ्याने ७ अडवले तर फुली ६ घेते, ६ अडवले तर ७ घेते. म्हणून या खेळीची किंमत +१.

दुसरी खेळी ६. तिने ३-६-९ ही ओळ बंद होते, पण फुली ७ घेते आणि ३-५-७ व ७-८-९ या दोन ओळींत शह देते. किंमत पुन्हा +१.

तिसरी खेळी ३. इथेही १ आणि ३ मिळून गोळ्याचा शह आहे आणि फुलीला २ वर यावेच लागते. फरक असा की २ वर आलेली फुली एकाच ओळीत शह देते, २-५-८ मध्ये. गोळा ८ घेतो आणि त्या एका खेळीने २-५-८ व ७-८-९ या दोन्ही ओळी संपतात. फुलीसाठी आता फक्त ४-५-६ ही ओळ शिल्लक आहे. तिने ४ घेतले तर गोळा ६ घेणार, ६ घेतले तर ४ घेणार. किंमत ०.

गोळ्याच्या हातात किमती आल्या +१, +१ आणि ०. तो सर्वांत लहान निवडणार, म्हणून या स्थितीची किंमत ०. शह देणारी खेळी चांगली आणि न देणारी वाईट असा अंदाज इथे कामाला येत नाही, हेही यातून दिसते. २ आणि ३ या दोन्ही खेळ्या शह देतात. त्यांतली एक डाव वाचवते आणि दुसरी घालवते. फरक पडतो तो समोरच्याला आपण कोणत्या घरात ढकलतो याने.

वरपर्यंत

नियमाने खेळताना फुली-गोळ्यात ५,४७८ वेगवेगळ्या स्थिती येऊ शकतात. कोरी पाटीही त्यात धरली आहे. पाटी फिरवून किंवा आरशात पाहून सारख्या दिसणाऱ्या स्थिती एकच मानल्या, तर ७६५ उरतात. प्रत्येक स्थितीची किंमत तिच्या पुढच्या स्थितींच्या किमतींवरून ठरते, म्हणून भरलेल्या पाट्यांपासून सुरुवात करून एकेक पायरी मागे येत शेवटी कोऱ्या पाटीपर्यंत पोहोचता येते. केंब्रिज विद्यापीठात ए. एस. डग्लस यांनी १९५२ साली एडसॅक या खोलीभर पसरलेल्या संगणकावर हा खेळ बसवला होता. आजच्या साध्या मोबाइललाही हे सारे गणित करायला क्षणभर पुरतो.

अशा कोणत्याही खेळाला ठरलेले उत्तर असते, ही कल्पना त्याहून जुनी आहे. जर्मन गणिती अर्न्स्ट झर्मेलो यांनी १९१३ साली बुद्धिबळाच्या निमित्ताने ती मांडली. दोघांना सगळे उघड दिसते, फासे नाहीत आणि डाव कधी तरी संपतोच, अशा खेळात तीनच शक्यता असतात: पहिल्याकडे हमखास विजयाचा मार्ग असेल, दुसऱ्याकडे असेल, किंवा दोघांनाही निदान बरोबरी राखता येईल. पुढे १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी मिनिमॅक्सचे प्रमेय सिद्ध केले आणि खेळांचे गणित उभे राहिले.

फुली-गोळ्यात कोऱ्या पाटीची किंमत ० येते. संगणकाने काढलेल्या या शून्यामागे काय आहे, हे हाताने तपासता येते. त्यासाठी दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतील: गोळ्याला विजय लादता येत नाही आणि फुलीलाही येत नाही.

गोळ्याला विजय का नाही

गोळ्याची बाजू निकालात काढायला एकही डाव खेळावा लागत नाही. समजा, दुसऱ्याने खेळूनही हमखास जिंकण्याची एखादी युक्ती आहे. मग फुलीने पहिली खुण कुठेही करावी, ती केलीच नाही असे समजावे आणि स्वतःला दुसरा खेळाडू मानून तीच युक्ती वापरावी. युक्तीने जे घर सांगितले तिथे आपलीच फुली आधीपासून असेल, तर दुसरे कोणतेही घर घ्यावे. या खेळात आपली एक खूण जास्त असल्याने नुकसान कधीच होत नाही. म्हणजे त्या युक्तीने फुलीही हमखास जिंकेल. एकाच डावात दोघे जिंकणे अशक्य आहे, म्हणून अशी युक्तीच असू शकत नाही.

फुलीला विजय का नाही

आता खरी कसोटी फुलीची. पहिल्या खेळीला नऊ घरे दिसली, तरी पाटी फिरवून पाहिल्यास ती तीनच प्रकारची आहेत: मध्य, कोपरा आणि कड. या तिन्हींना गोळ्याकडे उत्तर आहे, एवढे दाखवले की काम झाले.

यासाठी ओळी मोजाव्या लागतात. पाटीवर जिंकण्याच्या ओळी आठ आहेत. मधले घर त्यांतल्या चार ओळींत येते, प्रत्येक कोपरा तीन ओळींत आणि कडेचे घर दोनच ओळींत. ज्या ओळीत एक गोळा पडला, ती फुलीसाठी कायमची बंद.

फुलीने १ हा कोपरा घेतला, तर गोळ्याने मध्य घ्यावा. चार ओळी एकदम बंद होतात आणि फुलीकडे फक्त पाटीच्या चार कडा उरतात: १-२-३, १-४-७, ३-६-९ आणि ७-८-९. आता फुलीचा सर्वांत धारदार डाव म्हणजे समोरचा कोपरा ९ घेणे. त्याने ३ आणि ७ ही दोन्ही घरे दुहेरी शहाची होतात. गोळ्याने घाबरून त्यांतलाच एक कोपरा, समजा ३, घेतला, तर ३-५-७ मध्ये त्याचा शह बसतो खरा, पण फुलीला तो ७ वर ढकलतो आणि ७ वरून फुली १-४-७ व ७-८-९ मध्ये दुहेरी शह देते. डाव गेला.

म्हणून गोळ्याने कडेचे घर घ्यावे, समजा २. त्याचा २-५-८ मध्ये शह, फुलीला ८ घ्यावे लागते. त्याने ७-८-९ मध्ये फुलीचा शह, गोळा ७ घेतो. त्याचा ३-५-७ मध्ये शह, फुली ३ घेते. तिचा ३-६-९ मध्ये शह, गोळा ६ घेतो. त्याचा ४-५-६ मध्ये शह, फुली ४ घेते आणि पाटी भरते.

```
× ○ ×
× ○ ○
○ × ×
```

गोळ्याच्या २ नंतर एकाही खेळीत कोणाला निवड नव्हती. दोघे एकमेकांना ढकलत बरोबरीपर्यंत आले.

फुलीने ९ ऐवजी दुसरे काही घेतले तर गोळ्याचे काम याहून सोपे आहे. २ घेतले तर गोळा ३ अडवतो, फुली ७, गोळा ४, फुली ६ अशी सक्तीची साखळी चालते. मग ७-८-९ ही एकच ओळ उरते आणि तीही गोळा ८ वर येऊन बंद करतो. ३ घेतले तर गोळा २, फुली ८, गोळा ४, फुली ६, गोळा ९. ६ घेतले तर गोळा ३ घेऊन दोन ओळी एकदम संपवतो, मग फुली ७ आणि गोळा ४. उरलेल्या ८ आणि ९ पैकी एक घर फुली घेते, तर दुसरे गोळा. बाकीच्या खेळ्या याच्याच आरशातल्या प्रती आहेत.

फुलीने मध्य घेतला, तर गोळ्याने कोपरा घ्यावा, समजा १. मध्यातून जाणाऱ्या उरलेल्या तीन ओळींना उत्तर सोपे आहे: फुली जिथे जाईल त्याच्या बरोबर समोरचे घर घ्यायचे. त्याखेरीज फुलीकडे ३-६-९ आणि ७-८-९ या दोन ओळी असतात. फुलीने ९ घेतले तर काय होते, ते आपण वर सोडवलेच आहे. तिने ३ घेतले तर गोळा ७ घेतो, त्याच्या शहामुळे फुली ४ वर येते, गोळा ६ वर जातो आणि २-५-८ ही शेवटची ओळ उरते. तिथे समोरचे घर घेतले की संपले. २ किंवा ६ घेतले तरी असेच धागे जुळतात. वाचकांनी ते कागदावर करून पाहावेत.

फुलीने कड घेतली, समजा २, तर मध्य घेऊन गोळा निर्धास्त होतो. फुलीकडे पुन्हा चार कडाच उरतात आणि दुहेरी शहाची जागा फार तर एक असते. तो कोपरा घेतला की ती जागा संपते. इथे फुलीने ८ घेण्याची चूक केली, तर डाव उलटतो: गोळा १ घेतो, फुलीला ९ वर आणतो, मग ७ घेऊन ३-५-७ व १-४-७ मध्ये स्वतःच दुहेरी शह देतो.

तिन्ही सुरुवातींना उत्तर मिळाले. फुली विजय लादू शकत नाही, गोळाही लादू शकत नाही, म्हणून किंमत ०. मुळात फुलीची अडचण ही की ओळी आठच आहेत आणि एका मोक्याच्या घरातून गोळा त्यांतल्या तीन किंवा चार एकदम मारतो. उरलेल्या ओळींत दुहेरी शहाला जागा कमी पडते.

शून्यात काय दिसत नाही

मिनिमॅक्सची एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी. समोरचा कधीच चुकणार नाही, असे ती रीत धरून चालते. म्हणून तिच्या लेखी कोपरा, मध्य आणि कड या तिन्ही सुरुवाती सारख्याच, सगळ्यांची किंमत ०. माणसांशी खेळताना त्या सारख्या नाहीत. मधल्या घराला आठांपैकी चार उत्तरे डाव वाचवतात, चारही कोपरे; कडेचे उत्तर हरते. कडेच्या घरालाही चार उत्तरे वाचवतात. कोपऱ्याला मात्र आठांपैकी एकच उत्तर वाचवते, ते म्हणजे मध्य. गोळ्याने समोरचा कोपरा ९ घेतला, तर फुली ३ घेते, गोळ्याला २ अडवायला लावते आणि ७ वर येऊन १-४-७ व ३-५-७ मध्ये दुहेरी शह देते. नवख्याशी खेळताना कोपऱ्यातून सुरुवात करणे त्यामुळेच फायद्याचे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना याचाच दुसरा चेहरा दिसतो. विजयाला नुसते +१ दिले, तर संगणक समोर असलेली जिंकणारी खेळी सोडून भलतीकडेच खूण करतो, कारण दोन खेळ्यांनंतरचा हमखास विजयही त्याच्या हिशेबात +१ च असतो. तो हरत नाही, पण रेंगाळतो. लवकरच्या विजयाला थोडी जास्त किंमत आणि उशिराच्या विजयाला थोडी कमी किंमत दिली, की ही खोड जाते.

आणि बरोबरी हा मिनिमॅक्सचा नियम नव्हे. तो तीन बाय तीनच्या पाटीचा गुण आहे. चार सोंगट्या ओळीत आणण्याचा कनेक्ट फोर हा खेळ १९८८ मध्ये सोडवला गेला. तिथे पहिला खेळाडू मधल्या रकान्यातून सुरुवात करून हमखास जिंकतो. जोनाथन शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात २००७ मध्ये चेकर्स सोडवला, तिथे उत्तर बरोबरीच आले. बुद्धिबळाला उत्तर आहे हे झर्मेलोंपासून माहीत आहे, पण स्थितींची संख्या इतकी अफाट आहे की ते तीनांपैकी कोणते, हे अजून कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.

फुली-गोळ्यापुरते मात्र सगळे कळलेले आहे आणि ते पाच वाक्यांत मावते. दुसऱ्याने खेळायची वेळ आली आणि समोरच्याने कोपरा किंवा कड घेतली, तर मध्य घ्या. मध्य घेतला, तर कोपरा घ्या. त्यानंतर आपण जिंकत असू तर जिंका, नाही तर समोरच्याचा शह अडवा. शह नसेल, तर समोरच्याला दुहेरी शह कुठे बसेल ते आधी शोधा. आणि स्वतः शह देताना तो अडवायला समोरच्याला कोणत्या घरात जावे लागेल, हे खूण करण्यापूर्वी बघा.